परीक्षा घ्या, पण त्याच वर्गात बसवू नका

शालेय वादविवाद स्पर्धांचं परीक्षण करायला बसलं की हल्ली एक विषय हमखास समोर येतो: 'पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवू नये.' अनुकूल बाजूचा पहिला वक्ता उठतो आणि बहुतेक वेळा पहिली घंटा व्हायच्या आतच हरतो. तो थेट परीक्षेवर तुटून पडतो. गुण म्हणजे सर्वस्व नव्हे, मुलं म्हणजे उमलती फुलं, ताणाने मुलं जीव देतात, आणि आइनस्टाइनसुद्धा गणितात नापास झाला होता. (ही निव्वळ थाप आहे. तो गणितात लहानपणापासून पुढेच होता.) मग प्रतिकूल बाजूचा वक्ता शांतपणे उभा राहतो आणि एवढंच विचारतो, की परीक्षाच नसेल तर पुस्तक उघडणार कोण? सभागृहात टाळ्या पडतात. पुढचा सगळा वेळ अनुकूल बाजू आळशी मुलांचं वकीलपत्र घेतल्यासारखी बोलत राहते.

यात पोरांचा दोष फारसा नाही. मोठी माणसं हाच वाद अशाच पद्धतीने घालतात. पालकसभेत, शिक्षक संघटनांच्या बैठकीत, वाहिन्यांवरच्या चर्चेत दोनच तट पडतात: परीक्षा हवी आणि परीक्षा नको. प्रत्यक्षात ठरावाचा प्रश्न परीक्षा घेण्याचा नाहीच. परीक्षा झाली, पेपर तपासले, अमुक मुलांना येत नाही हे कळलं, त्यानंतर काय करायचं, हा प्रश्न आहे. माझं मत ठरावाच्या बाजूने आहे. परीक्षा जरूर घ्यावी, काटेकोर घ्यावी, निकाल पालकांपासून लपवू नये. पण त्या निकालाच्या आधारे मुलाला आणखी एक वर्ष त्याच वर्गात बसवू नये. प्रतिकूल बाजूचे मुद्दे कच्चे नाहीत, आणि म्हणूनच अनुकूल बाजूचं पहिलं भाषण नीट बांधायला हवं. ते कसं बांधता येईल, ते इथे मांडतो.

पहिला मिनिट भावनेत घालवण्याऐवजी व्याख्येत घालवावा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सोळाव्या कलमाने आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला वर्गात मागे ठेवायला बंदी केली. २०१९ मध्ये संसदेने हे कलम बदललं. आता पाचवी आणि आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा घ्यायची, त्यात अनुत्तीर्ण झालेल्याला जादा शिकवायचं, दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेला बसवायचं, आणि तरीही जमलं नाही तर मागे ठेवायची मुभा द्यायची की नाही हे त्या त्या सरकारने ठरवायचं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून ही मुभा घेतली. केंद्राने आपल्या अखत्यारीतल्या शाळांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये तेच केलं. तामिळनाडूने मात्र आपण आठवीपर्यंत मुलांना मागे ठेवणार नाही, असं सांगितलं.

एवढी माहिती दिली की वक्त्याला एक महत्त्वाची गोष्ट करता येते. कायद्यात तीन पायऱ्या आहेत: परीक्षा, जादा शिकवणी आणि पुनर्परीक्षा, आणि शेवटी त्याच वर्गात ठेवणं. पहिल्या दोन्ही पायऱ्या आम्हाला मान्य आहेत, असं त्याने उघड सांगून टाकावं. 'सन्माननीय परीक्षक, परीक्षा असावी की नसावी हा आजचा वाद नाही. आमचा विरोध फक्त तिसऱ्या पायरीला आहे. पाचवीचं दुसरं वर्ष मुलाला ते शिकवत नाही जे त्याला येत नाही. त्याची किंमत जो कमी दोषी त्याला मोजावी लागते. आणि ज्या परीक्षेच्या जोरावर हे करायचं, ती परीक्षाच त्यामुळे खोटी होते.' एवढ्यात तिन्ही मुद्दे येतात. शिवाय प्रतिकूल बाजूने घरून पाठ करून आणलेल्या भाषणाचा निम्मा भाग निकामी होतो, कारण तो परीक्षेच्या बचावासाठी लिहिलेला असतो आणि परीक्षेवर आता कुणी हल्लाच केलेला नसतो.

पहिल्या मुद्द्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण तो ऐकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी आधी विचारात घेतलेला असतो. पाचवीत नापास होणाऱ्या मुलाला पाचवीचं येत नाही, असं आपण गृहीत धरतो. त्याचा पेपर जरा जवळून पाहू. उदाहरणासाठी एक मुलगी घेऊ. प्रश्न असा: शाळेत ५०३ मुलं आहेत, त्यातली १६७ सहलीला गेली, तर किती उरली? मुलीने उत्तर लिहिलंय ४६४. बरोबर उत्तर ३३६. तपासणारा लाल शाईने फुली मारतो आणि पुढे जातो. पण ४६४ हे उत्तर आकाशातून पडलेलं नाही. एककाच्या घरात ३ आणि ७ आहेत. तिने सातातून तीन वजा केले, ४. दशकाच्या घरात ० आणि ६. सहातून शून्य, ६. शतकाच्या घरात पाचातून एक, ४. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, हा तिचा नियम आहे, आणि तो तिने तंतोतंत पाळलाय. म्हणजे तिने अभ्यास केलेला नाही असं नाही. हातच्याची वजाबाकी म्हणजे काय, एक शतक मोडून दहा दशक होतात आणि एक दशक मोडून दहा एकक होतात, हेच तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. ही गोष्ट दुसरी-तिसरीत काड्यांचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या घेऊन शिकायची असते. तिची अडचण पाचवीत सुरू झालेली नाही. ती तिथे फक्त पकडली गेली.

आता या मुलीला पुन्हा पाचवीत बसवलं, तर जूनमध्ये तिच्यापुढे काय येईल? पाचवीचंच पुस्तक. बालभारतीच्या गणिताच्या ज्या पुस्तकावर कित्येक वर्षं पाचवी शिकवली गेली, त्याची सुरुवात रोमन संख्याचिन्हांनी होते आणि पुढे अपूर्णांक, कोन, दशांश अपूर्णांक येतात. पाच अंकी संख्यांची वजाबाकी आहे, पण हातचा कसा घ्यायचा हे मुलाला येतंच असं धरून. गठ्ठे-सुट्टे तिथे कुणी उघडत नाही, कारण पाचवीच्या गुरुजींना पाचवीचा अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. जे मागच्या वर्षी कळलं नाही तेच, त्याच क्रमाने, त्याच वेगाने, बहुधा त्याच शिक्षकाकडून पुन्हा कानावर पडणार. वर्षभरानंतरही ५०३ मधून १६७ वजा केल्यावर ४६४ उरणार. फरक एवढाच, की आता ती वर्गातली सर्वांत मोठी मुलगी असणार, आणि कदाचित तिचा धाकटा भाऊ तिच्या शेजारच्या बाकावर असणार.

मग उपाय काय, असं प्रतिकूल बाजू विचारणारच, तेव्हा तो आधीच सांगून टाकावा. मुलाला इयत्तेनुसार न बसवता त्याला जे येतं त्या पायरीवरून शिकवायचं. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने हे काम वर्षानुवर्षं केलंय. तिसरी ते पाचवीची मुलं घ्यायची, एकेकाला जवळ बसवून वाचून घ्यायचं, आणि अक्षर ओळखणारी, शब्द वाचणारी, परिच्छेद वाचणारी, गोष्ट वाचणारी असे गट पाडायचे. दिवसाचे काही तास इयत्ता विसरून या गटांना शिकवायचं, मधूनमधून पुन्हा तपासायचं आणि मूल पुढे गेलं की त्याचा गट बदलायचा. अर्थतज्ज्ञांनी अशा प्रयोगांची शास्त्रीय तपासणी केली आहे. उत्तर प्रदेशात २०१३-१४ मध्ये दहा-दहा दिवसांची शिबिरं घेतली, सगळे मिळून पन्नासच्या आसपास दिवस. शेवटी परिच्छेद किंवा गोष्ट वाचू शकणाऱ्या मुलांचं प्रमाण शिबिर न मिळालेल्या शाळांच्या जवळपास दुप्पट निघालं. जे काम नेमक्या पायरीवर शिकवल्याने काही आठवड्यांत होतं, त्यासाठी चुकीच्या पायरीवर शिकवून अख्खं वर्ष घेण्यात काय शहाणपण आहे?

इथे प्रतिकूल बाजूचा सर्वांत दमदार पुरावा येतो, आणि तो कबूल केलाच पाहिजे. अमेरिकेत शिकागो शहराने १९९६ पासून तिसरी, सहावी आणि आठवीच्या मुलांना परीक्षेत ठरावीक गुण नसतील तर उन्हाळी शाळेत पाठवायला आणि तरीही जमलं नाही तर मागे ठेवायला सुरुवात केली. ब्रायन जेकब आणि लार्स लेफग्रेन या संशोधकांनी काठावर पास आणि काठावर नापास झालेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा तिसरीच्या मुलांना या सगळ्याचा फायदा झालेला दिसला. फ्लोरिडा राज्याने २००२ मध्ये तिसरीत वाचता न येणाऱ्यांसाठी असाच कायदा केला, आणि तिथेही मागे राहिलेल्या मुलांचं वाचन पुढची काही वर्षं सुधारलेलं आढळलं. प्रतिकूल बाजूचा वक्ता तयारीचा असेल तर तो हे मांडेल, आणि त्याला खोडायला जाऊ नये. फक्त फ्लोरिडातल्या मुलाला त्या वर्षी काय मिळालं, ते विचारावं: उन्हाळी वाचनवर्ग, रोज किमान दीड तास खास वाचनासाठी, चांगली कामगिरी असलेला शिक्षक, आणि प्रत्येकाच्या अडचणीप्रमाणे आखलेली शिकवणी. शिकागोतही उन्हाळी शाळा होतीच. म्हणजे फायदा मागे ठेवण्याने झाला की शिकवण्याने, हे त्या आकड्यांतून वेगळं काढणं फार अवघड आहे. आपल्याकडे कायद्यात जादा शिकवणी लिहिलेली आहे, पण ती कुणी, किती तास, कुठल्या पायरीवरून द्यायची, यावर एक अवाक्षर नाही. ते दोन महिने बहुतेक ठिकाणी भर उन्हाळ्यात, सुटीत येतात. फ्लोरिडातला औषधाचा भाग वगळून आपण फक्त शिक्षेचा भाग उचललाय.

दुसरा मुद्दा किमतीचा. नापास कोण होतं? बीड जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीवरचा मुलगा डोळ्यांपुढे आणा. दिवाळीच्या सुमाराला आई-बाप कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. घरी आजी असेल आणि ती सांभाळायला तयार असेल, तर पोरगा गावात राहतो. नाहीतर तो गाडीत बसून कारखान्याच्या फडावर जातो. हंगाम फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो, कधी त्याच्याही पुढे. गावाकडे परत येईपर्यंत शाळेचं दुसरं सत्र जवळपास संपलेलं असतं. या मुलाने वार्षिक परीक्षा दिली आणि त्याला पस्तीस टक्के पडले नाहीत, तर ती परीक्षा नेमकी कुणाची झाली? त्याला तुम्ही पुन्हा पाचवीत बसवाल. पण पुढच्या दिवाळीला तीच गाडी पुन्हा दारात उभी असेल.

आपल्याकडे हा प्रश्न आज पडलेला नाही. ब्रिटिश काळात हार्टोग समितीने १९२९ मध्ये हिशेब मांडला होता. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत जेमतेम १८ उरली होती. बाकीची काही शाळा सोडून गेली, काही खालच्याच वर्गांत अडकली. समितीने या दोन गोष्टींना वेगवेगळी नावं दिली, पण खेड्यात त्यांचा क्रम ठरलेला असायचा. पोरगं दोन वर्षं एका वर्गात राहिलं की बाप म्हणायचा, याला काही येत नाही, गुरं राखायला पाठवतो. त्या काळात नापास करायला कुणाची बंदी नव्हती. वर्गात मागे ठेवल्याने दर्जा सुधारत असता, तर आपल्या आज्या-पणज्यांची पिढी भारतातली सर्वांत सुशिक्षित पिढी ठरली असती. चाळीसेक वर्षांनी कोठारी आयोगाने याच दुखण्याबद्दल लिहिलं, की गळती आणि एका वर्गात अडकून राहणं हे डोकेदुखी आणि तापासारखं आहे: तो आजार नव्हे, व्यवस्थेतल्या दुसऱ्याच आजारांचं लक्षण आहे. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूरकडचे. प्राथमिक शाळा त्यांनी फाइलीतून पाहिली नव्हती.

यावर कुणी म्हणेल की शंभर वर्षांपूर्वीच्या गळतीचं कारण गरिबी होतं, नापास करणं नव्हे. अंशतः खरं आहे. म्हणून पुन्हा शिकागोकडे यावं. त्याच दोन संशोधकांनी पुढे २००९ मध्ये शाळा सोडण्याचं प्रमाण तपासलं, तेव्हा आठवीत मागे ठेवलेली मुलं शाळा सोडण्याची शक्यता वाढलेली दिसली. सहावीत असा परिणाम फारसा दिसला नाही. तुलना पुन्हा काठावरच्या मुलांचीच होती, म्हणजे घरची परिस्थिती आणि हुशारी साधारण सारखी. आपल्या ठरावात आठवी आहे, हे विसरू नये. चौदा वर्षांची मुलगी आठवीत नापास होऊन पुन्हा आठवीत बसते, तेव्हा घरात तिच्या लग्नाचा विषय निघायला दुसरं निमित्त लागत नाही.

इथे एक तुलना भाषणाला फार उपयोगी पडेल, कारण ती घरची आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत आलं नाही तर दंड होता, महिन्याला एक रुपया, आणि तो पालकाला होता. सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात त्याआधीच सक्ती आणली होती, तिथेही दंड पालकालाच. त्या राजांना पोरांचे लाड करायचे नव्हते. निर्णय ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची, एवढा साधा हिशेब होता. २०१९ च्या दुरुस्तीत आपण तो हिशेब उलटा केला. पाचवीच्या अखेरीस मूल वाचू शकत नाही, याला पाच वर्षांतले शिक्षक, मुख्याध्यापक, रिकामी राहिलेली पदं, निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणांच्या कामांत गेलेले दिवस, हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू न होणं, असं सगळं कारण असू शकतं. कायदा या सगळ्यांतून एकाच व्यक्तीला वर्षभराची शिक्षा देतो, आणि ती व्यक्ती दहा-अकरा वर्षांची आहे.

तिसरा मुद्दा मला स्वतःला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि स्पर्धेत तो जवळपास कधीच ऐकू येत नाही. मागे ठेवण्याची शिक्षा जोडली की परीक्षा खरं बोलायचं थांबवते. राज्याच्या पद्धतीत पाचवीला प्रत्येक विषयात पन्नासपैकी १८ गुण लागतात. कुणाला १५ पडलेत. शाळा तीच, पेपर तपासणाराही शाळेचाच. वर्गातली पाच-सहा पोरं मागे ठेवली तर पालक दारात येणार, पुढच्या वर्गाची पटसंख्या घटणार, केंद्रप्रमुख खुलासा मागणार. पंधराचे अठरा व्हायला वेळ लागत नाही. तोंडी आणि प्रात्यक्षिकाचे गुण हातातच असतात, शिवाय सवलतीचे गुण नियमातच आहेत. शिक्षक वाईट असतात असं मी म्हणत नाही. दयाळू शिक्षकही हेच करतो, बहुधा तोच आधी करतो. परिणाम असा, की त्या मुलीचं ४६४ निकालपत्रकात पोचता पोचता 'उत्तीर्ण' होतं, आणि तिला हातच्याची वजाबाकी येत नाही ही जी एक उपयोगाची माहिती परीक्षेने शोधून काढली होती, तीच पुसली जाते.

परीक्षेच्या निकालाला शिक्षा किंवा पैसा जोडला की काय होतं, याचा मोठा प्रयोग इंग्लंडमध्ये होऊन गेलाय. १८६२ च्या सुधारित संहितेनुसार प्राथमिक शाळांचं सरकारी अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन, अंकगणित या तीन परीक्षांच्या निकालावर ठरायचं. वर्षातून एकदा निरीक्षक यायचा आणि एकेका मुलाला तपासायचा. मूल नापास, तर शाळेचं त्या मुलापुरतं अनुदान कापलं. यामागचा विचार आज आपल्याकडे ऐकू येतो तोच होता: धाक असल्याशिवाय दर्जा येत नाही. झालं असं, की शाळांनी वर्षभर एकच वाचनपुस्तक मुलांकडून घोकून घेतलं, ते निरीक्षकापुढे घडाघडा म्हटलं जायचं, आणि दुसऱ्या पुस्तकातलं एक वाक्य समोर ठेवलं की मूल अडखळायचं. भूगोल, इतिहास, चित्रकला बाजूला पडले, कारण त्यांना पैसे नव्हते. स्वतः शाळा-निरीक्षक असलेल्या मॅथ्यू आर्नल्डने या पद्धतीवर वर्षानुवर्षं टीका केली. ती मोडीत निघायला सुमारे तीस वर्षं लागली.

इथे प्रतिकूल बाजूला एक उत्तर सापडतं आणि ते खरंही आहे: २०१० नंतर तुम्ही शिक्षा काढून घेतली होती, तेव्हा तरी नोंदी कुठे खऱ्या होत्या? सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या नावाखाली प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी करायच्या होत्या. बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, आणि 'चर्चेत सहभाग घेतो', 'स्वच्छता राखतो' अशी वाक्यं एका रजिस्टरमधून दुसऱ्यात उतरवली गेली. चाळीस मुलांच्या चाळीस नोंदी, आणि वाचता कुणाला येतं ते एकीतही नाही. 'असर'च्या ग्रामीण पाहणीत पाचवीतली दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं २०१० मध्ये निम्म्याहून थोडी जास्त होती, २०१२ मध्ये निम्म्याहून थोडी कमी झाली. ही घसरण नापास न करण्याच्या ढकलगाडीमुळेच झाली, असं त्यानंतर सर्रास म्हटलं गेलं. अनुकूल बाजूने ही घसरण नाकारू नये. उलट एक प्रश्न विचारावा: कायदा यायच्या आधी, म्हणजे २००६-०७ च्या सुमारास, याच पाहणीत पाचवीतली चाळीस टक्क्यांहून जास्त मुलं दुसरीचा उतारा वाचू शकत नव्हती, ती कशामुळे? तेव्हा देशभर अशी बंदी नव्हती. (काही राज्यांत खालच्या वर्गांत नापास करत नसत, हे प्रतिकूल बाजू सांगू शकेल, सांगू द्यावं.) निम्म्याच्या आसपास मुलं तेव्हाही मागे होती, आताही आहेत. नापास करण्याचा नियम आला-गेला तरी जो आकडा जागचा फारसा हलत नाही, त्याचं कारण त्या नियमात शोधून सापडणार नाही.

खोट्या नोंदींवर उतारा असा, की मोजणारा आणि शिकवणारा वेगळा असावा आणि मोजमापातून मुलाला कसलीही शिक्षा होऊ नये. महाराष्ट्राने हे थोडं करून पाहिलंय. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमात वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी आली. तिची प्रश्नपत्रिका राज्यभर एकच असायची आणि मूल कुठे आहे ते पाहणं हाच तिचा हेतू होता. तिच्यातही गुण फुगवले गेल्याच्या तक्रारी होत्या, कारण शाळांची तुलना सुरू झाली. म्हणजे शिक्षा मुलाऐवजी शाळेच्या माथी गेली, तरी तीच गोष्ट घडली. प्रतिकूल बाजूने याचा उल्लेख केला तर तो आपल्याच मुद्द्याला जोडून घ्यावा.

भीतीबद्दल दोन वाक्यं बोलावीत, जास्त नकोत, कारण टाळ्या तिथे पडतात आणि वेळही तिथेच जातो. धाकाने काही मुलं अभ्यासाला बसतात, हे खरं आहे. ती मुलं कोणती ते पाहावं: ज्याला हातच्याची वजाबाकी येते पण कंटाळा करतो, तो धाकाने बसेल. जिला ती येतच नाही, ती धाकाने बसून ४६४ हेच उत्तर अधिक सुवाच्य अक्षरात लिहील. कंटाळा करणाऱ्यासाठी गुणपत्रिका, पालकांची भेट आणि पुनर्परीक्षेसाठी गेलेली अर्धी सुटी एवढा धाक पुरेसा आहे. हे सगळं आम्ही मान्य केलेल्या दोन पायऱ्यांतच येतं.

प्रतिकूल बाजूचा चांगला वक्ता असेल तर शेवटी तो एकच प्रश्न विचारील, आणि पहिल्या वक्त्याने त्याचं उत्तर आपल्या शेवटच्या मिनिटात देऊन ठेवावं: तीन इयत्ता मागे असलेली ही मुलगी सहावीत जाऊन करणार काय? तिला काही कळणार नाही, नववीत ती कोसळेल. उत्तर वेळापत्रकातच द्यावं. सहावीत ती भूगोल, विज्ञान, खेळ, चित्रकला आपल्या वयाच्या मुलींबरोबर शिकेल. यातलं बरंचसं ऐकून, करून, पाहून शिकता येतं. गणिताच्या आणि भाषेच्या तासांना ती आपल्या पायरीच्या गटात बसेल, मग त्या गटात चौथीची मुलं असोत की सातवीची. तिथे काड्यांचे गठ्ठे असतील, आणि दर काही आठवड्यांनी कुणीतरी तिला शेजारी बसवून ५०३ मधून १६७ वजा करायला सांगेल. यासाठी शाळेत जादा माणूस लागेल, आणि तो सगळीकडे नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण मग प्रतिकूल बाजूने हेही सांगायला हवं, की तोच माणूस नसलेल्या त्याच शाळेत, पाचवीच्या त्याच बाकावर, तिला वजाबाकी कोण शिकवणार आहे.